मैदान मागताना आधी आकडा सांगा: सामुदायिक स्पर्धेचा अर्ज आणि सुरक्षेची आखणी

मैदानासाठीचा अर्ज बहुतेक जण उलट्या टोकाकडून लिहायला घेतात. आधी मंडळाची ओळख, मग खेळाची आवड, मग मागच्या वर्षीचा उदंड प्रतिसाद आणि अगदी शेवटी ‘तरी परवानगी मिळावी ही विनंती’. अर्ज ज्याच्या टेबलावर जातो त्याला यातलं फारसं काही नको असतं. त्याच्या डोक्यात एकच विचार चालू असतो: त्या दिवशी काही बरंवाईट झालं, तर खाली सही माझी असणार आहे.

आमचा पहिला अर्ज दोन पानांचा होता आणि भाषा अगदी घोटून लिहिलेली होती. साहेबांनी तो वाचलाच नाही. नुसतं विचारलं, “माणसं किती?”

“पाचशे-सहाशे तरी येतील.”

“दिवसभरात की एका वेळी?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“आणि निघतील कुठून?”

अर्ज परत आला. पुढच्या वेळी आम्ही या तीन प्रश्नांची उत्तरं आधी काढली आणि अर्ज त्यांच्याभोवती लिहिला. खालचा सगळा मजकूर त्याच क्रमाने आहे. उदाहरण म्हणून एक दिवसाची, सात-सात खेळाडूंची फुटबॉल स्पर्धा घेतली आहे. खेळ दुसरा असला तर मापं बदलतील, हिशोबाची पद्धत तीच राहील.

मैदान नक्की कोणाचं

पालिकेच्या हद्दीतलं प्रत्येक मोकळं मैदान पालिकेचं असतंच असं नाही. जागा एका खात्याची, देखभाल दुसऱ्याकडे आणि किल्ली तिसऱ्याकडे, असंही असतं. म्हणून अर्ज लिहायच्या आधी मैदानावरच्या रखवालदाराशी बोला. मागची स्पर्धा कोणी घेतली, त्यांनी पत्र कुठलं आणलं होतं, कुलपं किती आहेत आणि कुठली किल्ली कोणाकडे असते, हे त्याला तोंडपाठ असतं. कार्यालयात तीन खेपा घालून जे कळतं, ते इथे दहा मिनिटांत कळतं.

त्याच फेरीत मोजपट्टी घेऊन मैदान मोजा आणि फोटो काढा. पाण्याची लाइन किंवा विजेची केबल जमिनीखालून कुठून गेली आहे तेही विचारून ठेवा, कारण मंडपाच्या खुंट्या ठोकताना ती हमखास आडवी येते. पोलीस, अग्निशमन, ध्वनिक्षेपक यांच्या परवानग्या बहुतेक ठिकाणी वेगळ्या काढाव्या लागतात आणि मैदानाचं पत्र हाती आल्याशिवाय त्या पुढे सरकत नाहीत. म्हणून मैदानाचा अर्ज सगळ्यात आधी द्यायचा. दीड-दोन महिने हाताशी असले की धावपळ होत नाही.

आकडा कसा काढायचा

अधिकाऱ्याला लागतो तो एका क्षणी मैदानात असलेल्या माणसांचा सर्वांत मोठा आकडा. दिवसभरात दोन हजार माणसं येऊन गेली तरी चालतात, एका वेळी आठशेच असली तर आठशेंचीच सोय लागते. उलट दिवसभरात आठशेच आली आणि ती सगळी अंतिम सामन्याला एकदम जमली, तरी सोय आठशेंचीच.

हा आकडा वेळापत्रकातून निघतो. आपल्या उदाहरणात बारा संघ आहेत, तीन-तीनचे चार गट. प्रत्येक गटात तीन सामने, म्हणजे एकूण बारा. मग दोन उपांत्य आणि एक अंतिम. सामना बारा-बारा मिनिटांच्या दोन डावांचा, मधली विश्रांती आणि संघांची अदलाबदल धरून ३५ मिनिटांचा एक खण. एकाच मैदानावर पंधरा सामने घेतले तर पावणेनऊ तास लागतात आणि शेवटचे सामने भर दुपारच्या उन्हात जातात. दोन छोटी मैदानं आखली की गटाचे बारा सामने सहा खणांत, म्हणजे साडेतीन तासांत उरकतात. सकाळी ७ ला सुरुवात, साडेदहाला गट संपले, ११.२० पर्यंत उपांत्य, ११.४० ला अंतिम सामना.

आता माणसं मोजू. प्रत्येक संघात दहा खेळाडू आणि दोन व्यवस्थापक, म्हणजे १४४. पंच, गुणलेखक आणि स्वयंसेवक मिळून २६. हे झाले १७०. प्रेक्षकांसाठी प्रत्येक संघव्यवस्थापकाला फोन करून विचारलं, तेव्हा सरासरी पस्तीसच्या आसपास निघाली, म्हणजे ४२०. शिवाय रस्त्याने जाता जाता डोकावणारे दीड-दोनशे. हरलेल्या संघांचे समर्थक निघून जातील असं धरायचा मोह होतो, पण धरू नका. अंतिम सामना बघायला तेही थांबतात. प्रेक्षक ६००, बाकी १७०, आणि कागदावर लिहायचा आकडा ८००.

आकडा कमी करून लिहिला तर परवानगी लवकर मिळते असा एक समज आहे. तीनशे लिहून आठशे आले, तर तुमची सगळी व्यवस्था तीनशेंची आणि त्याला लेखी पुरावा तुमच्याच अर्जाचा. खरा आकडा लिहा आणि त्यापुढे तो ओलांडू कसा देणार नाही तेही लिहा. प्रत्येक उघड्या दारावर दोन स्वयंसेवक, हातात मोजणीचं बटण. एक आत येणारे मोजतो, दुसरा बाहेर जाणारे, आणि दर दहा मिनिटांनी फरक काढून सुरक्षा प्रमुखाला कळवतात. ७०० ला सावध व्हायचं, ८०० ला प्रवेश थांबवायचा. थांबवलेले लोक रस्त्यावर गर्दी करणार, म्हणून ते कुठे उभे राहतील तेही नकाशात दाखवायचं.

नकाशा: जागा पुरते, कडा पुरत नाही

समजा मैदान १२० मीटर लांब आणि ७५ मीटर रुंद आहे. सात जणांच्या फुटबॉलला साधारण ५५ बाय ३७ मीटरचं मैदान पुरतं. अशी दोन मैदानं शेजारीशेजारी आखली, ५५ मीटरची बाजू ७५ मीटरच्या दिशेने ठेवली, दोन्हींमध्ये ८ मीटर आणि बाहेरच्या कडांना ३ मीटर मोकळे सोडले, तर १२० पैकी ८८ मीटर खर्ची पडतात. उरते ती मुख्य दाराकडची ३२ मीटर रुंद पट्टी. संयोजकांचं टेबल, पाणी, प्रथमोपचार आणि रुग्णवाहिका, सगळं त्या पट्टीत बसतं.

मोकळ्या जागेत उभ्या प्रेक्षकांसाठी चौरस मीटरला दोन माणसं हा सोयीचा हिशोब आहे. ६०० प्रेक्षकांना ३०० चौरस मीटर, म्हणजे मैदानाच्या मानाने काहीच नाही. इथेच फसगत होते. प्रेक्षक मैदानभर पसरून उभे राहत नाहीत, सगळ्यांना रेषेजवळची जागा हवी असते. म्हणून क्षेत्रफळाच्या बरोबरीने कडेची लांबी मोजा. एका माणसाला खांद्याची अर्धा मीटर जागा लागते. ५५ मीटरच्या एका बाजूला एका रांगेत ११० जण मावतात. ६०० प्रेक्षक एकाच बाजूला उभे केले तर पाच-सहा रांगा होतात. मागच्यांना दिसत नाही, ते पुढे रेटतात आणि पुढची लहान मुलं दोरीवर दाबली जातात. दोन्ही बाजू उघडल्या की रांगा तीनच्या आत येतात.

म्हणून अंतिम सामना पट्टीजवळच्या मैदानावर ठेवायचा. तोवर दुसरं मैदान रिकामं झालेलं असतं, ते प्रेक्षकांना खुलं करायचं. सकाळी गटाचे सामने चालू असताना मात्र मधल्या ८ मीटरमध्ये फक्त संघांची बाकं, प्रेक्षक नाहीत. गोलच्या मागे दिवसभर कोणीच नाही. दोरी रेषेपासून ३ मीटर लांब बांधा. धावत बाहेर गेलेला खेळाडू जागच्या जागी थांबत नाही, आणि ज्या खांबांना दोरी बांधली ते लोखंडी असतील तर त्यांना फोम गुंडाळा.

हा नकाशा संगणकावर काढायची गरज नाही. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे दोन मीटर धरून पेन्सिलीने काढला तरी चालतो. त्यावर उत्तर दिशा, प्रत्येक दार आणि त्याची मोजलेली रुंदी, मैदानं, प्रेक्षकांची जागा, प्रथमोपचार, रुग्णवाहिकेची वाट, पाणी, स्वच्छतागृहं आणि जनरेटर दिसला पाहिजे. आमच्याकडे अर्जातला हाच कागद सगळ्यात जास्त बारकाईने बघितला गेला.

दारं

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. गर्दीचे मोठे अपघात खेळ चालू असतानाच होतात असं नाही. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात २ जानेवारी १९७१ रोजी ६६ माणसं दगावली, ती सामना संपल्यावर बाहेर पडतानाच्या जिन्यावर. अशा दुर्घटनांनंतर ब्रिटनमध्ये क्रीडा मैदानांच्या सुरक्षेची जी मार्गदर्शिका तयार होत गेली, तिच्यात बाहेर पडण्याचा एक साधा हिशोब आहे: सपाट वाटेवर दाराच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८२ माणसं निघतात, आणि सगळं मैदान रिकामं व्हायला आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये. हे आकडे बांधीव मैदानांसाठी आहेत. आपल्यासाठी तो कायदा नाही, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे.

आपल्या मैदानाला मुख्य दार ४ मीटरचं आहे आणि बाजूचं छोटं दार १.२ मीटरचं. कागदावर सगळं झकास दिसतं. ४ मीटर गुणिले ८२ म्हणजे मिनिटाला ३२८ माणसं, ८०० जण अडीच मिनिटांत बाहेर. पण त्याच मुख्य दारातून रुग्णवाहिका आत येणार आहे. ती दारात असेल तेव्हा ते दार माणसांसाठी बंद धरावं लागतं. आग किंवा भांडण त्याच दाराजवळ झालं तरीही तसंच. म्हणून हिशोब करताना सगळ्यात मोठं दार बंद आहे असंच धरायचं. मग उरलं छोटं दार: १.२ गुणिले ८२ म्हणजे मिनिटाला ९८, आणि ८०० जणांना आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ. जेमतेम बसत नाही, आणि तेही सगळे शिस्तीत गेले तर.

पहिल्या फेरीत रखवालदाराने दाखवलेलं एक तिसरं दार इथे कामाला येतं. स्वच्छतागृहांच्या मागे २ मीटरचं, वर्षानुवर्षं कुलूपबंद, किल्ली उद्यान खात्याकडे. ते उघडून मिळालं तर मुख्य दार बंद असतानाही ३.२ मीटर रुंदी हाती राहते. मिनिटाला २६२ माणसं, म्हणजे सगळं मैदान साधारण तीन मिनिटांत रिकामं. अर्जातली सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच आहे, आणि हा हिशोब शेजारी लिहिला की ती सहसा नाकारली जात नाही.

रुंदी दाराच्या पाट्याची नाही, मोकळ्या वाटेची मोजा, आणि तीही सगळ्यात अरुंद जागी. दुचाकी आत येऊ नये म्हणून छोट्या दाराच्या मध्यात खांब रोवलेला असला तर १.२ मीटरचं दार म्हणजे दोन चिंचोळ्या फटी, आणि वरचा हिशोब तिथे लागूच होत नाही. खांब काढता येणारा आहे का ते बघा. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर गर्दीच्या रेट्याने ते मिटतं, म्हणून स्पर्धा संपेपर्यंत दोन्ही पाट भिंतीला बांधून ठेवायचे. आणि दाराबाहेर गाड्या लागू नयेत म्हणून पहाटेपासून तिथे एक माणूस. आतून मोकळं पण बाहेरून तीन स्कूटरींनी अडलेलं दार हे कागदावरचंच दार.

रुग्णवाहिका आणि पहिली पाच मिनिटं

‘प्रथमोपचाराची सोय केलेली आहे’ या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. कोण, कुठे, काय घेऊन, हे लिहा. दोन मैदानं एकाच वेळी चालू असतील तर प्रशिक्षित प्रथमोपचारक दोन, प्रत्येक मैदानाला एक, आणि त्यांना दुसरं कुठलंही काम नाही. बर्फ, मोडलेल्या हाडाला आधार द्यायच्या खपच्या, स्ट्रेचर आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव, अंतर, रस्ता.

खेळाडू कोणाचा धक्का न लागता कोसळला आणि हाक मारूनही हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर ते हृदय थांबल्याचं धरूनच चालायचं. एक जण लगेच छाती दाबायला लागतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर खाली जाईल अशी. दुसरा रुग्णवाहिकेला कळवतो, तिसरा एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पळतो. या मदतीशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून यंत्र शेजारच्या इमारतीत कपाटात आहे एवढं माहीत असून भागत नाही. स्पर्धेच्या दिवशी ते उसनं घेऊन टेबलावर ठेवा आणि नकाशात जागा दाखवा.

रुग्णवाहिकेच्या वाटेला ४ मीटर मोकळे ठेवा, म्हणजे माणसं शेजारून जाऊ शकतात. आदल्या आठवड्यात एखादी मोठी गाडी खरंच आत आणून वळवून बघा. मैदान भुसभुशीत असलं तर चाक रुततं, आणि ते त्या दिवशी कळण्यात काही अर्थ नसतो. आणखी एक नियम लिहून ठेवा: उभी असलेली रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत दोन्ही मैदानांवरचा खेळ थांबेल. संघांचे व्यवस्थापक यावर कुरकुरतात, म्हणून तो नियम प्रवेशअर्जावरच छापून त्यांच्या सह्या घ्यायच्या.

डोक्याला मार बसून खेळाडू गांगरला, अडखळला, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला तर तो त्या दिवसापुरता बाहेर. ‘आता बरं वाटतंय’ हे त्याचं म्हणणं मोजायचं नाही.

गोलचे खांब आणि फक्की

हलवता येणारे गोलपोस्ट दिसायला हलके वाटतात, पण आडव्या दांड्याला लोंबकळणाऱ्या मुलाच्या अंगावर पूर्ण गोल पालथा पडतो. अशा अपघातांत मुलं दगावली आहेत, आणि फुटबॉलच्या नियमांतही गोल जमिनीला घट्ट बांधलेला असलाच पाहिजे असं पहिल्याच नियमात आहे. मागच्या जमिनीलगतच्या दांड्यावर वाळूची पोती टाका किंवा खुंट्यांनी तो जखडा. मग एका मोठ्या माणसाने आडवा दांडा धरून पुढे ओढून बघायचा, दुसरा पुढे आधाराला उभा. मागचा दांडा बोटभर जरी उचलला तरी वजन कमी आहे. हे सकाळी एकदा आणि उपांत्य फेरीआधी पुन्हा करायचं, कारण मधल्या काळात कोणीतरी पोतं बसायला उचलून नेलेलं असतं. सामने संपताच गोल आडवे करून साखळीने बांधा.

रेषांसाठी फक्की मारताना ती चुन्याची नसावी. ओल्या अंगाला आणि डोळ्यांना चुना भाजतो, आणि फुटबॉलमध्ये खेळाडू रेषेवर तोंडावर पडतोच. खडूची भुकटी किंवा पाण्यात मिसळणारा रंग वापरा, आणि अर्जात तसं नमूद करा.

वीज, वारा आणि ‘थांबा’ म्हणणारा माणूस

उघड्या मैदानात गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते एवढ्या अंतरावर आहे. प्रकाश दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीस सेकंद म्हणजे साधारण दहा किलोमीटर. पण स्वयंसेवकांना एवढंच सांगा: गडगडाट ऐकला की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं होईपर्यंत परत सुरू नाही. मध्येच पुन्हा गडगडलं तर तीस मिनिटं नव्याने.

खरी अडचण पुढे आहे. लोक जाणार कुठे? मंडप आणि झाडं हा विजेपासून आसरा नव्हे, उलट धोकाच. पक्की इमारत किंवा पत्र्याचं छत असलेली बंद गाडी लागते. शेजारच्या सभागृहात तीनशेच मावत असतील तर उरलेल्या पाचशेंना आधीच घरी धाडावं लागतं. म्हणजे तुमचा इशारा गडगडाटाच्या आधीचा असला पाहिजे: क्षितिजावर काळे ढग उठले की सामने आवरते घ्यायचे. असा आसरा किती जणांना आहे ते अर्जात खरं खरं लिहा. वारा वाढला तर मंडपाचं कापड सगळ्यात आधी उतरवायचं, आणि हे काम कोण करणार त्याचं नाव ठरलेलं हवं.

हे सगळं एका माणसाच्या हातात द्या. सुरक्षा प्रमुख हा पंच नको, संघाशी संबंधित नको, आणि बक्षिसं वाटणाऱ्यांच्या रांगेत तर मुळीच नको. खेळ थांबवायचा अधिकार त्याचा एकट्याचा, आणि अध्यक्षांनाही तो फिरवता येणार नाही, असं लेखी असावं. ध्वनिक्षेपकावर काय बोलायचं तेही आधीच कागदावर हवं, कारण घाबरलेला माणूस माइक हाती आला की भलतंच बोलतो. आमचं वाक्य असं आहे: ‘सामना थांबवला आहे. सर्वांनी चालत, पळू नका, स्वच्छतागृहांमागच्या दारातून आणि बाजूच्या छोट्या दारातून बाहेर पडावं. मुख्य दाराकडे येऊ नये. मुलांचा हात धरा.’ जनरेटर बंद पडला तरी चालावं म्हणून बॅटरीवरचा भोंगा हाताशी ठेवा.

अर्ज

आता अर्ज लिहायला घ्या. एक पान पुरतं, बाकीचं सोबतच्या कागदांत.

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
________ (कार्यालयाचं पूर्ण नाव)

विषय: ________ मैदान दि. ____ रोजी पहाटे ५ ते सायंकाळी ४ या वेळेत सामुदायिक फुटबॉल स्पर्धेसाठी मिळणेबाबत

महोदय / महोदया,

आमच्या मंडळातर्फे वरील दिवशी बारा संघांची एक दिवसीय फुटबॉल स्पर्धा घेण्याचे योजिले आहे. सामने सकाळी ७ ते दुपारी १२.३० या वेळेत होतील. त्याआधीचा वेळ मांडणीसाठी व नंतरचा वेळ आवराआवर आणि स्वच्छतेसाठी मागितला आहे.

मैदानात एका वेळी जास्तीत जास्त ८०० व्यक्ती असतील. ही संख्या दारावर मोजली जाईल व ८०० झाल्यावर प्रवेश थांबवण्यात येईल. मुख्य दार रुग्णवाहिकेसाठी राखीव धरले असता उर्वरित छोट्या दारातून मैदान रिकामे होण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तरी स्वच्छतागृहांमागील २ मीटर रुंद दार त्या दिवशी उघडून मिळावे. ते मिळाल्यास हा वेळ सुमारे तीन मिनिटांवर येतो. हिशोब सोबत जोडला आहे.

प्रथमोपचार, रुग्णवाहिका, वीज-पावसाच्या वेळी खेळ थांबवणे, गोलपोस्टची बांधणी आणि विद्युत जोडणी यांची माहिती सोबतच्या सुरक्षा आराखड्यात आहे. सुरक्षा प्रमुख म्हणून श्री. / श्रीमती ________ (दूरध्वनी ________) जबाबदार असतील.

मैदानात खड्डे खणण्यात येणार नाहीत. मंडपाच्या खुंट्या आपण दाखवाल त्याच जागी ठोकल्या जातील. मैदान पूर्ववत करून त्याच दिवशी सायंकाळी ४ पर्यंत ताब्यात देऊ.

परवानगी मिळाल्यास पत्राची प्रत मैदानाचे रखवालदार व उद्यान विभाग यांना द्यावी, ही विनंती.

आपला / आपली विश्वासू,
(नाव, पद, सही, दिनांक)

सोबत: १. मैदानाचा नकाशा २. वेळापत्रक ३. दारांचा हिशोब ४. सुरक्षा आराखडा ५. मंडळाच्या नोंदणीची प्रत ६. मैदानाचे सध्याचे फोटो

शेवटचं वाक्य, प्रतीबद्दलचं, मी नंतर घातलं. एका वर्षी परवानगी खिशात होती आणि पहाटे पाचला मागच्या दाराला कुलूप तसंच. किल्ली ज्यांच्याकडे, त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. साडेसहापर्यंत फोनाफोनी झाली, आणि तोवर दोनशे मुलं एकाच दारातून आत आलेली.

अर्ज दिल्यानंतर

दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, पुढची सगळी चौकशी त्या क्रमांकानेच होते. आठवड्याने जाऊन अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा. अधिकाऱ्याला मैदानावर येता येत असेल तर बोलवा. तिसऱ्या दारापाशी उभं राहून केलेलं दहा मिनिटांचं बोलणं चार पत्रांच्या तोडीचं असतं.

परवानगीच्या पत्रावरच्या अटी ओळीने वाचा. कित्येकदा आपण मागितलेलं दार त्यात नसतं, किंवा वेळ १० पासूनची असते. तसं असलं तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागा. तोंडी ‘चालेल हो’ पहाटेच्या रखवालदाराला पुरत नाही. आणि तिसरं दार शेवटपर्यंत मिळालंच नाही, तर आकडा खाली आणा. छोट्या दारातून आठ मिनिटांत ७८० माणसं निघतात, पण ती काठावरची मर्यादा झाली. मी तिथे ५०० च्या वर जाणार नाही, म्हणजे वेळ पाच-सव्वापाच मिनिटांवर राहतो. मग संघ आठ करा किंवा प्रवेश पासावर ठेवा.

आदल्या संध्याकाळी तीन जण मैदानावर जाऊन येतात: तिन्ही दारं उघडून-मिटून बघायची, छोट्या दारातला खांब काढून ठेवायचा, आणि गवतातल्या काचा, दगड, नळाचं उघडं झाकण शोधत दोन्ही मैदानं एका रांगेत चालत पार करायची. बरोबर पिशवी न्या, ती भरते.

स्पर्धा संपल्यावर खुंट्यांची भोकं मातीने भरून पायाने दाबा, कचरा उचला आणि अर्जाला जोडलेले फोटो ज्या जागांवरून काढले होते, तिथूनच पुन्हा काढा. रखवालदाराला बरोबर घेऊन एक फेरी मारायची आणि ‘मैदान सुस्थितीत मिळाले’ एवढ्या एका ओळीखाली त्याची सही व वेळ घ्यायची. अनामत परत मागायला जाताना हा कागद आणि फोटोंच्या दोन्ही जोड्या बरोबर ठेवा. आणि मागच्या दाराची किल्ली त्याच संध्याकाळी उद्यान खात्यात नेऊन द्या, पोच घेऊन.